बुरा वरूनच येतो

लोणचं नासलं की घरात आधी माणूस शोधतात. कुणी ओला चमचा घातला, कुणी दादरा न बांधता बरणी तशीच ठेवली, आणि जिथे अजून शिवाशिव पाळतात तिथे, बाजूला बसलेल्या कुणाचा हात लागला. या शेवटच्या समजुतीवर 2014 मध्ये सॅनिटरी पॅडच्या एका कंपनीने जाहिरात केली होती. पाळी आलेली मुलगी खुशाल लोणच्याच्या बरणीला हात लावते, असा तिचा मतलब. पुढच्या वर्षी कानच्या जाहिरात महोत्सवात तिला मोठं बक्षीसही मिळालं. जाहिरातीने त्या हाताची सुटका केली, ते बरंच झालं. पण मग बुरा येतो कशाने, हा प्रश्न तसाच राहिला. तो सोडवायला निघालं की माणसं सोडून बरणीच्या आत बघावं लागतं.

नागपूरच्या एका घरात ऑगस्टमध्ये अशी बरणी बघायला मिळाली. काकूंनी दादरा सोडला आणि बरणी खिडकीच्या उजेडात धरली. "काढून टाकायच्या आधी पाहून घ्या," त्या म्हणाल्या. "बुरा कुठे आहे, अन् कुठे नाही, ते पाहा." बरणी निम्मी संपलेली होती. आतल्या बाजूने, पूर्वी जिथवर लोणचं होतं तिथवर, मसाल्याचा वाळलेला पट्टा होता आणि त्यावर पांढरट ठिपके धरले होते. लोणच्याच्या पृष्ठभागावर दोन फोडी साल वर करून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या वर निघालेल्या कडांवर करड्या-हिरव्या रंगाची मखमल चढली होती. त्या दोन फोडींच्या मधल्या खळग्यात मात्र तेल साचलेलं होतं आणि तिथे काही म्हणजे काही नव्हतं. तेलाची रेघ जिथे संपत होती, तिथूनच मखमल सुरू होत होती.

बुरशीचं सगळं गणित त्या एका रेघेवर आहे. बुरशीला वाढायला पाणी लागतं आणि हवा लागते. कैरीच्या आंबटपणाचं तिला विशेष वावडं नाही; उलट आंबट जागा तिला सोयीची, कारण तिथे तिच्याशी स्पर्धा करणारे जंतू टिकत नाहीत. मिठाने ती मंदावते, पण तिच्या काही जाती चांगल्या खारट पाण्यातही तग धरतात. हवा तोडली की मात्र तिचं काही चालत नाही. म्हणून खाली, खारात आणि तेलात बुडालेल्या फोडींना ती धरत नाही. ती येते ती वरून, जिथे ओल आणि हवा एकत्र भेटतात तिथे. लोणच्यातल्या तिघांची कामं वेगवेगळी आहेत. आंबटपणा आणि मीठ मिळून आतल्या जंतूंना आवरतात, तेल वरची हवा तोडतं, आणि ऊन या दोघांचं काम सोपं करतं. आपण बहुतेकदा एकाने दुसऱ्याचं काम करावं अशी अपेक्षा धरतो. मीठ कमी करून तेल वाढवतो, किंवा ऊन भरपूर दाखवलं म्हणून तेलात हात आखडतो, आणि तिथे फसतो.

मिठापासून सुरुवात करू. जुन्या बायका किलोला पाव किलो मीठ घालत, हल्लीच्या पुस्तकांत शंभर ग्रॅमही दिसतं. दोन्हींतला फरक समजायचा तर मीठ कैरीच्या वजनाशी न ताडता तिच्यातल्या पाण्याशी ताडावं लागतं. कच्च्या कैरीत साधारण 85 टक्के पाणी असतं. म्हणजे एक किलो फोडींत 850 ग्रॅम पाणी. त्यात 150 ग्रॅम मीठ घातलं आणि ते सगळीकडे सारखं मुरलं, तर एक हजार ग्रॅम खारात 150 ग्रॅम मीठ, म्हणजे 15 टक्क्यांचा खार झाला. इथे कैरीच्या आंबटपणाची जोड मिळाली की नासवणारे बहुतेक जंतू थांबतात. शंभर ग्रॅमच घातलं तर खार साडेदहा टक्क्यांचा होतो. तो तोंडाला खारट लागतो खरा, पण त्यात यीस्ट आणि आंबवणारे जंतू काम करत राहतात. चार-आठ दिवसांत बरणीत बारीक बुडबुडे दिसतात, झाकण घट्ट असेल तर उघडताना फुस्स आवाज येतो, आणि लोणचं फसफसलं असं आपण म्हणतो. दोनशे ग्रॅम घातलं तर खार 19 टक्क्यांपर्यंत जातो. तो निर्धोक, पण दोन-तीन महिने मुरल्याशिवाय खाववत नाही. वर्षाच्या लोणच्याला किलोमागे 150 ते 200 ग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी थांबावं, असं माझं मत आहे, आणि कैरी जितकी कमी आंबट तितकं वरच्या आकड्याकडे झुकावं. तोतापुरीसारख्या गोडसर कैरीला मिठाने जास्त राखावं लागतं. कडक, आंबट रायवळ स्वतःच अर्धं काम करते.

हे मीठ वाटीने मोजू नये. त्याच वाटीत बारीक मीठ दाबून बसतं आणि खडे मिठात पोकळ्या राहतात. म्हणून आजीची पाककृती खडे मिठाची आणि आपल्या डब्यात बारीक मीठ असलं, तर लोणचं खारट होतं. उलटं झालं तर ते नासतं. सासरच्या वाटीने माहेरची पाककृती करू नये, हा सल्ला मला पुण्याच्या मंडईत कैरी फोडून देणाऱ्या एका मावशींनी दिला होता. मोठ्या अडकित्त्याखाली राजापुरीचे सारखे आठ तुकडे पडत होते, कोयीच्या टणक कवचासकट, आणि बाठीचा मऊ गर त्या बोटाने उडवून टाकत होत्या. तो गर राहिला तर फोडीला कडवटपणा येतो आणि त्याच्याखाली ओलही अडकून राहते. फोडायच्या आधी कैरी धुऊन पुसून पूर्ण कोरडी करायची, फोडल्यानंतर धुवायची नाही, हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत होत्या. कोय न धरलेली कोवळी कैरी त्या लोणच्याला देतच नव्हत्या. कवच टणक झालेलं असलं म्हणजे फोडीला धरून ठेवायला काहीतरी असतं, नाहीतर महिन्याभरात तिचा लगदा होतो.

आता ऊन. उन्हाने लोणच्यातले जंतू मरतात असं सगळे सांगतात, आणि ते जवळपास चूक आहे. बुरशीचे बीजाणू मारायला साधारण साठ अंशांच्या पुढची उष्णता काही मिनिटं तरी टिकावी लागते. उन्हातली बरणी हाताला चटका देते, पण आतला खार तितका क्वचितच तापतो. चिनी मातीतून किरण आत जातच नाहीत आणि काच त्यांतले जंतुनाशक किरण बहुतेक अडवते. मग ऊन करतं काय? ते पाणी उडवतं. आणि पाणी उडालं की घातलेलं तेवढंच मीठ जास्त तीव्र होतं.

वरचाच हिशेब पुढे नेऊ. किलोभर फोडींना 150 ग्रॅम मीठ आणि चमचाभर हळद चोळून झाकून ठेवलं की दुसऱ्या दिवशी तळाशी पाव लिटरच्या आसपास पाणी सुटलेलं असतं. फोडी निथळून, स्वच्छ कापडावर एकेक अंतर ठेवून पसरल्या आणि दिवसभर कडक ऊन दिलं, तर सुमारे 150 ग्रॅम पाणी सहज उडतं. सुटलेलं पाणी परत फोडींत घातलं असं धरलं, तर आता 850 ऐवजी 700 ग्रॅम पाणी आणि मीठ तेच 150. खार साडेसतरा टक्क्यांच्या वर गेला. मीठ चिमूटभरही न वाढवता, एका उन्हात. काही घरांत सुटलेलं पाणी फेकून देतात, म्हणजे लोणचं घट्ट होतं. त्यात तोटा असा की त्या पाण्याबरोबर चाळीस ग्रॅमच्या आसपास मीठ आणि कैरीचा आंबटपणाही मोरीत जातो. फोडी कडक उन्हात वाळवल्या तर उरलेलं मीठ पुरतं, कारण पाणीही तितकंच कमी झालेलं असतं. पण पाणी फेकलं आणि ऊनही ढगाळ मिळालं, तर लोणचं दोन्ही बाजूंनी उघडं पडतं.

म्हणून ऊन पुरेसं झालं का, हे तासांवर ठरत नाही. मिठासकट फोडींचं आणि सुटलेल्या पाण्याचं वजन सुरुवातीला करून ठेवावं, आणि संध्याकाळी पुन्हा काट्यावर ठेवावं. साडेअकराशेचे हजार ग्रॅम झाले की काम झालं. काटा नसेल तर फोड बोटांत दाबून बघतात. पृष्ठभाग कोरडा, कडा किंचित सुरकुतलेल्या, आणि फोड वाकवली तर मोडण्याऐवजी लवते, एवढं पुरे. त्यापुढे वाळवली तर ती चामट होते, मग वर्षभर मुरली तरी दाताखाली रबरासारखी लागते. मुंबईच्या फ्लॅटमध्ये जिथे गच्ची नाही, तिथे पंख्याखाली पसरूनही हे वजन उतरतं. त्यात उन्हाची खमंग चव नसते एवढंच.

मे महिन्यातलं नागपूर या कामासाठीच बनलंय असं वाटावं. पारा चाळीसच्या वर, दुपारी हवेतला दमटपणा वीस टक्क्यांच्या आसपास, गच्चीवर पापड-कुरडयांच्या शेजारी फोडी पसरल्या की चार तासांत त्यांचा रंग बदलतो. रत्नागिरीत तसं नाही. तिथे तेहतीस-चौतीस अंशांचं ऊन आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास दमट हवा. तिथे लोणच्याचा गृहउद्योग चालवणाऱ्या एका ताईंच्या अंगणात मी बसलो होतो. चार वाजले तसं त्यांनी सगळं कापड चारही टोकांनी उचललं आणि आत नेलं. ऊन अजून चांगलं होतं. मी तसं म्हटल्यावर हसून म्हणाल्या, "ऊन आहे हो, पण वारा फिरला. आता ठेवलं तर वाळायच्या ऐवजी ओलं व्हायचं."

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. कोरडं मीठ हवेतला दमटपणा 75 टक्क्यांपुढे गेला की हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं. पावसाळ्यात मिठाचा डबा ओला होतो तो त्यानेच. फोडीवर उन्हाने मिठाची पुटं धरलेली असतात, ती संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यात तेच करतात. म्हणजे दिवसभर उडवलेलं पाणी तासा-दोन तासांत परत येऊ लागतं. कोकणात म्हणून दहाला पसरायचं आणि चारला उचलायचं, आणि एकाऐवजी दोन-तीन दिवस तेच करायचं. रात्री फोडी बाहेर विसरल्या तर दुसऱ्या दिवशीचं अर्धं ऊन नुसतं ती ओल काढण्यात जातं.

उन्हाचा दुसरा प्रकार आहे, भरलेली बरणीच उन्हात ठेवायचा. उत्तरेत मोहरीच्या तेलातलं लोणचं असं आठवडे-आठवडे उन्हात मुरवतात, गुजरातेत किसलेल्या कैरीचा छुंदा साखरेचा पाक होईपर्यंत उन्हात राहतो. आपल्याकडेही काही घरांत ही पद्धत आहे, आणि इथे एक चूक हमखास होते. बरणीला घट्ट झाकण लावून ती उन्हात ठेवतात. आतलं पाणी तापून वाफ होते, वर जाते, झाकणाला लागते, आणि संध्याकाळी गार होऊन थेंबाथेंबाने परत लोणच्यावर पडते. पाणी बाहेर तर गेलंच नाही, वर ते मीठ मागे ठेवून शुद्ध होऊन आलं आणि नेमकं पृष्ठभागावर पसरलं. बरणीच्या पोटात खार साडेसतरा टक्क्यांचा आणि वरच्या थरात जेमतेम खारट पाणी, अशी स्थिती होते. त्या थेंबांवर बुरशीला आणखी काही लागत नाही. उन्हात बरणी ठेवायची तर तोंडाला दादराच हवा, दुहेरी मलमलीचा, म्हणजे वाफ निघून जाते आणि माश्या-धूळ आत येत नाही. सूर्य कलला की बरणी घरात, आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण. मसाला कोमट असताना भरलेल्या बरणीतही हाच प्रकार होतो. झाकणाच्या आतून बोट फिरवून ओल लागते का बघावं. लागली तर झाकण पुसून, बरणीला पुन्हा दादरा बांधावा. शेंगदाण्याच्या तेलातलं लोणचं काचेच्या बरणीत घालून उन्हात फार दिवस ठेवू नये, हेही इथेच सांगून टाकतो. उजेडाने तेल खवट होतं, आणि खवटपणाला काही उतारा नाही. आपली रीत, आधी फोडींना ऊन देऊन मग तेलात घालायची, या तेलाला जास्त मानवते.

मसाल्याबद्दल थोडक्यात. मेथी, हिंग, हळद, तिखट हे चवीसाठी आहेत. बुरशीच्या बाबतीत त्यांतल्या कुणावर फार भिस्त ठेवू नये. मोहरीची गोष्ट थोडी वेगळी. मोहरीची डाळ पाणी किंवा खार घालून फेसली की नाकात झणझणणारं जे तेल तयार होतं, ते बुरशीला खरोखर रोखतं. पण ते तयार करणारा मोहरीतला घटक उष्णतेने मरतो. मोहरीच्या डाळीवर कडकडीत फोडणी ओतली की खमंग वास येतो आणि झणका जातो. म्हणून फोडणी गार करून मगच मोहरीत मिसळायची, हा जुना दंडक चवीपुरता नव्हता. शिवाय हा झणका उडून जाणारा आहे. लोणच्याचे पहिले आठवडे तो राखतो, आषाढापर्यंत त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

आषाढात राखतं ते तेल. तेल बुरशीला मारत नाही, फक्त तिची हवा तोडतं. त्यामुळे तेल किती, यापेक्षा तेल वर किती उरलं हा खरा प्रश्न आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2011 च्या नियमांत तेलातल्या लोणच्यासाठी हेच पाहिलेलं दिसतं: लोणच्यावर किमान अर्धा सेंटीमीटर तेलाचा थर हवा, नाहीतर लोणच्यात किमान दहा टक्के तेल हवं. यातली दुसरी सवलत कारखान्याला चालते, कारण त्याच्याकडे सोडियम बेंझोएट आहे आणि हवाबंद झाकणही. घरच्या बरणीला ती चालणार नाही. किलोभर फोडी आणि मसाला मिळून सव्वा-दीड किलोचं लोणचं धरलं तर दहा टक्के म्हणजे जेमतेम दीडशे मिलि तेल, आणि तेवढं तर मोहरीची डाळ आणि तिखट पहिल्या दोन दिवसांतच पिऊन टाकतात. घालताना तेलात बुडालेलं लोणचं तिसऱ्या दिवशी कोरडं दिसतं ते त्यामुळे. घरच्या किलोभर लोणच्याला अडीचशे-तीनशे मिलि तेलाची फोडणी मिसळायला लागते. ते मुरून खाली बसल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, फोडी डावाने दाबून मधली हवा काढायची आणि मग वरून तापवून गार केलेलं तेल ओतायचं. तापवायचं ते तेलातल्या ओलाव्यासाठी, आणि पूर्ण गार करायचं ते वाफेसाठी.

वरून किती ओतायचं, हे बरणीचा आकार ठरवतो. आपली चिनी मातीची बरणी पोटाला फुगीर आणि गळ्याला अरुंद असते. ती गळ्यापर्यंत भरली आणि गळा आतून दहा सेंटीमीटर रुंद असला, तर सेंटीमीटरभर थराला ऐंशी मिलि तेल पुरतं. हेच लोणचं वीस सेंटीमीटर रुंदीच्या डब्यात घातलं तर तेवढ्याच थराला तीनशे मिलिच्या वर तेल लागेल. गळा अरुंद करणाऱ्या कुंभाराने गृहिणीचं किती तेल वाचवलंय, ते यावरून कळतं. पण याच आकारात एक मेख आहे, आणि नागपूरच्या त्या बरणीत तीच नडली होती. लोणचं खाल्लं जातं तशी पातळी गळ्यातून पोटात उतरते. पोट सोळा सेंटीमीटर रुंद असेल, तर गळ्यात सेंटीमीटरभर जाड असलेलं ऐंशी मिलि तेल तिथे पसरून चार मिलिमीटरच उरतं. त्यातही प्रत्येक वेळी फोडीबरोबर चमच्यातून थोडं तेल ताटात गेलेलं असतं. मग उभ्या राहिलेल्या फोडीचं टोक थराच्या वर येतं. जूनमध्ये बरोबर घातलेलं लोणचं ऑगस्टमध्ये नासतं ते असं, कुणाचाही हात न लागता.

त्यात ऑगस्टची हवा. अठरा टक्क्यांचा खार हवेत उघडा असला, तर दमटपणा साधारण सत्त्याऐंशी टक्क्यांच्या खाली असेतो तो पाणी सोडतो. त्याच्या वर गेला की हवेतलं पाणी ओढू लागतो. मे महिन्यात म्हणूनच उघडी राहिलेली बरणीही सुकते, पण कोकणात श्रावणातल्या सकाळी हवा नव्वदच्या वर असते. तेलाबाहेर निघालेल्या फोडीच्या कडेवरचं खारट पाणी तेव्हा रोज थोडं थोडं पातळ होत जातं. मिठाची जरब गेली, हवा आहेच. काकूंच्या त्या मखमलीचं हे कारण. ओला चमचा हे याच गोष्टीचं छोटं रूप आहे. चमच्यावरचे थेंब तेलापेक्षा जड. ते तेलातून खाली उतरतात आणि तेल-खाराच्या मधल्या सीमेवर बिनमिठाचं डबकं करून बसतात. थर जाड असेल तर त्यांना हवा मिळत नाही आणि ते हळूहळू खारात मिसळून जातात. थर पातळ असला की तिथूनच सुरुवात होते. ओला चमचा गुन्हेगार खरा, पण बरणीत तेल पुरेसं असतं तर त्याचा गुन्हा पचला असता.

म्हणून मोठी बरणी गळ्याला दादरा बांधून बाजूला ठेवायची आणि रोजच्या वापराला पंधरा दिवस पुरेल एवढं लोणचं लहान बरणीत काढायचं. मोठी बरणी निम्म्यावर आली की उरलेलं तिच्याहून लहान, अरुंद बरणीत हलवायचं आणि वर नवं तेल द्यायचं. भरताना आतल्या कडेला लागलेला मसाला तेलात भिजवलेल्या कापडाने पुसून घ्यायचा, कारण तो पट्टा कायम तेलाबाहेर राहतो आणि बुरा आधी तिथेच दिसतो. झाकण पत्र्याचं नसावं; खार आणि आंबट मिळून त्याला गंज चढवतात आणि तो गंज खाली गळतो.

इतकं करूनही वर काही पांढरं दिसलं तर घाबरण्याआधी ते काय आहे ते बघावं. कोरडे, चमकदार, दाणेदार कण असतील आणि जिभेवर विरघळून नुसते खारट लागत असतील, तर ते मीठच आहे. उन्हात जास्त वाळलेल्या फोडींवर ते फुलून येतं. कण वाटत नसतील, केस दिसत असतील, तर अर्थातच जिभेवर ठेवू नये. सपाट, सुरकुतलेली, सायीसारखी पातळ पांढरी पापुद्री खारावर पसरली असेल आणि तिला केस किंवा रंग नसेल, तर ती बहुधा यीस्टची साय. मीठ कमी पडल्याची ती खूण. ती स्वतः फारशी विषारी नसली, तरी कैरीचा आंबटपणा खाऊन टाकते आणि मागून येणाऱ्यांना वाट करून देते. लवकर दिसली आणि खाली वास नेहमीचाच असला, तर साय काढून, मीठ वाढवून, नवं तेल देऊन लोणचं वाचतं. पण केसाळ, मखमली, हिरवा, करडा किंवा काळा डाग दिसला, की हा प्रश्न निराळा होतो. बुरशीचे तंतू डागाच्या खाली, फोडीच्या आत शिरलेले असतात, आणि काही जातींचं विष डोळ्यांना न दिसता खारात उतरतं. ते विष पुन्हा ऊन दाखवून किंवा वर कडकडीत तेल ओतून जात नाही. वरचा थर काढून बाकीचं खाणं आपल्याकडे सर्रास चालतं, अगदी शहाण्यासुरत्या घरांतही. मी ते करत नाही. मोठ्या बरणीचं जीवावर येतं हे मान्य, म्हणूनही एका बरणीपेक्षा तीन लहान बरण्या बऱ्या.

काकूंनीही अखेर ती बरणी ओतून टाकली, पण तोंड वाकडं करूनच. मग त्यांनी दुसरा विषय काढला. काकांना रक्तदाब, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलेलं. "कमी मिठाचं लोणचं टिकवता येईल का?" जागतिक आरोग्य संघटनेने माणसी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, आणि वर्षाच्या लोणच्याच्या पंधरा ग्रॅमच्या एका फोडीतच जवळपास दोन ग्रॅम मीठ जातं. टिकवायचं आणि कमी मीठही, हे बाहेरच्या बरणीत होत नाही. त्यासाठी किलोला सत्तर-ऐंशी ग्रॅम मीठ घालून, फोडींना ऊन तेवढंच देऊन, तेलात बुडवून, काचेच्या लहान बाटल्यांत फ्रिजमध्ये ठेवावं. थंडीत सगळंच सावकाश चालतं, त्यामुळे महिना-दोन महिने ते चांगलं राहतं. तेल गोठल्यासारखं दिसेल, ते बिघडणं नव्हे. एका वेळी अर्धा किलो कैरीचंच घालावं, आणि बाटली जेवताना काढून लगेच आत ठेवावी, ओट्यावर विसरू नये. काकूंनी तिथल्या तिथे फ्रिज उघडून दाराच्या कप्प्यात बाटलीला जागा आहे का ते पाहिलं, आणि दह्याचं भांडं तिथून हलवलं.